दारूनंतरचं पोटदुखणं: ऍसिडिटी समजून घरी कधी थांबायचं नाही

प्रश्न: माझा मोठा भाऊ ३९ वर्षांचा आहे, बारा-तेरा वर्षं झाली, रोज एक क्वार्टर घेतो, सुट्टीला जास्त होते. पोटात वरच्या बाजूला जळजळ नेहमीचीच, गोळी घेतली की थांबते. गेल्या आठवड्यात मात्र दुखणं पाठीपर्यंत गेलं, रात्रभर उशी पोटाशी धरून वाकून बसला होता, उलट्या झाल्या तरी बरं वाटेना. दोन दिवसांनी आपोआप कमी झालं. तो म्हणतो ऍसिडिटीच होती. दवाखान्यात न्यायला कधी हवं, हे घरच्यांनी ओळखायचं कसं?

उत्तर:

उशी पोटाशी धरून वाकून बसला होता, ही तुमची एक ओळ वाचली आणि बाकीचं सगळं मागे पडलं. ऍसिडिटीवाला माणूस असा बसत नाही हो. तो उठतो, गार दूध पितो, ढेकर द्यायला बघतो, दोन फेऱ्या मारतो आणि शेवटी झोपतो. स्वादुपिंड सुजलेल्या माणसाला आडवं होताच येत नाही, कारण हा अवयव जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून असतो, उताणं झालं की तो ताणला जातो आणि पुढे वाकलं की जरा सैल पडतो. मी २१ वर्षं तालुक्याच्या गावात फिजिशियन आहे, पेशंट दारातून पोट धरून वाकून आत आला की आमची सिस्टर मी सांगायच्या आधीच सलाईन काढून ठेवते, इतकं हे चित्र आता ओळखीचं झालंय.

पण दोन्ही दुखणी एकाच माणसात, एकाच जागी, बेंबीच्या वर होतात आणि तिथेच सगळे फसतात, म्हणून आधी जठराचं सांगतो.

जठरातलं ऍसिड चांगलंच जोरकस असतं, तरी जठर स्वतः भाजत नाही कारण आतून त्याला चिकट श्लेष्माचा एक थर असतो, बुळबुळीत, सतत नवा बनणारा. दारू हा थर पातळ करते आणि खालच्या पेशींचे सांधे ढिले करते, मग ऍसिड त्या फटीतून भिंतीत झिरपतं. आतून दुर्बिणीने बघितलं तर भिंत लालबुंद, सुजलेली आणि जागोजागी खरचटल्यासारखी दिसते. पाणी न घालता घेतलेली, उपाशी पोटी घेतलेली दारू जास्त भाजते. बियर पोटाला हलकी असते असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण बियरने उलट जठरातलं ऍसिड जास्त सुटतं. आणि मोजायचंच तर ३० मिलीच्या एका पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम, आणि स्ट्राँग बियरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे जवळपास ४० ग्रॅम. "डॉक्टर, मी दारू पीत नाही, फक्त दोन बियर" म्हणणारा माणूस तुमच्या दादापेक्षा जास्त पीत असतो!

याच्यात भर घालते ती सकाळची गोळी. रात्री जास्त झाली, सकाळी डोकं ठणकतंय, म्हणून मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणायची आणि चहावर घ्यायची. ज्या रसायनाच्या जोरावर जठर आपला श्लेष्मा बनवतं तेच या गोळ्या बंद करतात. म्हणजे रात्री दारूने थर धुतला आणि सकाळी गोळीने तो पुन्हा बनू दिला नाही. रक्ताची उलटी घेऊन आलेल्या पेशंटना मी पहिला प्रश्न दारूचा विचारतो आणि दुसरा या गोळीचा, आणि बऱ्याचदा दोन्हीला हो येतं.

ही जळजळ बहुतेक वेळा त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी होते, छातीपर्यंत चढते, मळमळतं, आंबट पाणी येतं, पण ती कमीजास्त होत राहते. उलटी झाली की जरा सुटल्यासारखं वाटतं, ऍसिड कमी करणारी गोळी घेतली की तास-दोन तासात उतरते, आणि पिणं बंद ठेवलं तर काही दिवसांत भिंत भरून येते. यात घाईचं काही असेल तर ते दुखणं नाही, रक्त आहे. उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही दिसलं, किंवा शौचाला डांबरासारखी काळी, चिकट आणि वेगळाच उग्र वास असलेली झाली, तर आतून रक्त जातंय असं धरायचं, पोट दुखत असो नसो. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो पण ती अशी चिकट नसते. आणखी एक प्रकार आहे, आधी नुसत्या जोरजोरात उबळी येतात, सुरुवातीच्या उलट्या साध्या असतात आणि मग अचानक लाल रक्त येतं, ते अन्ननलिका जठराला मिळते तिथे चीर पडल्याने. आणि ज्याचं लिव्हर दारूने आधीच खराब झालंय त्याला फुगलेल्या शिरा फुटून घमेलंभर रक्त पडू शकतं. घरी बसून यातलं कुठलं ते ओळखायच्या भानगडीत पडू नका, रक्त दिसलं की निघायचं.

आता स्वादुपिंड. साधारण वीतभर लांब, मऊ ग्रंथी, रोज लिटर-दीड लिटर पाचक रस बनवते. मटण पचवणारा रस तो, मग ग्रंथी स्वतःच का पचत नाही? कारण त्यातली मुख्य रसायनं कुलूप लावून पाठवलेली असतात, ती आतड्यात पोचल्यावरच उघडतात. दारूने हे कुलूप ग्रंथीच्या आतच उघडतं. ग्रंथीच्या पेशी अल्कोहोल स्वतःही फोडतात आणि त्यातून निघणारे पदार्थ पेशीला विषारी ठरतात, पेशीतलं कॅल्शियमचं गणित बिघडतं, पेशी अशक्त होते आणि बंद रसायन जागच्या जागी जागं होतं. शिवाय रस दाट होऊन बारीक नळ्यांत बूच बसल्यासारखं होतं, ते वेगळंच. मग ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते.

इतकंच असतं तर ते एका अवयवाचं दुखणं राहिलं असतं. पण या आगीमुळे सगळ्या शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या गळायला लागतात. रक्तातलं पाणी पोटात, आतड्यांमागे, फुफ्फुसाभोवती झिरपतं, लिटरच्या हिशोबात. बाहेर काहीच सांडलेलं दिसत नाही, पण आतून माणूस कोरडा पडतो, बीपी उतरतं, किडनीला रक्त कमी पोचतं, लघवी थांबते, श्वास लागतो. स्वादुपिंडाच्या सुजेने माणूस दगावतो तो असा, नुसत्या पोटदुखीने नाही.

आता "माझा मित्र माझ्यापेक्षा जास्त पितो, त्याला काही होत नाही" हे ऐकायला येणारच. ते खरंही आहे, जास्त पिणाऱ्यांतल्या बहुतेकांना हा हल्ला येत नाही. साधारणपणे चार-पाच वर्षं तरी रोजचं जड पिणं झाल्यावर ग्रंथी हळवी होते, सिगारेट असेल तर धोका वाढतो, आणि मग एखादी मोठी रात्र तिला पेटवते. कोणाची पेटणार हे आधी सांगणारी कुठलीही टेस्ट नाही.

एक केस सांगतो, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत. चाळिशीच्या आतला माणूस, ट्रक बॉडीच्या कामावर, दहा वर्षं रोजची क्वार्टर आणि दिवसाला पाकीटभर सिगारेट. गटारी रविवारी आली होती. दुपारपासून मित्रांबरोबर मटण आणि दारू, रात्रीपर्यंत खंबा जवळजवळ एकट्याने संपवला. सोमवारी दिवसभर डोकं जड, पण पोट ठीक. सोमवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला बेंबीच्या वर दुखायला लागलं आणि अर्ध्या तासात असं वाढलं की घामाघूम झाला.

इथेच पहिली चूक होते. लोक म्हणतात, प्यायला काल आणि दुखतंय आज, म्हणजे दारूचा काय संबंध, मटणच बाधलं असणार. पण या हल्ल्याची हीच तऱ्हा आहे, बऱ्याचदा पिऊन झाल्यावर काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी दुखणं उठतं, म्हणजे माणूस शुद्धीवर येऊन "आजपासून बंद" म्हणत असतो तेव्हा.

घरच्यांनी सोडा दिला, ऍसिडिटीची गोळी दिली, ओवा दिला. रात्री सात-आठ उलट्या झाल्या आणि प्रत्येक उलटीनंतरही दुखणं तसंच्या तसं. मंगळवारी सकाळी गल्लीतल्या डॉक्टरांकडून दुखण्याचं इंजेक्शन घेतलं, तीन तास बरं वाटलं, मग पुन्हा तेच. संध्याकाळी दुसरं इंजेक्शन. बुधवारी सकाळी माझ्याकडे आणला तेव्हा बायको म्हणाली, "दुखायचं कमी झालंय, पण हे बरळायला लागलेत, आणि काल दुपारपासून लघवीला गेले नाहीत." दुखणं कमी झालं नव्हतं, सांगणाऱ्याचं भान गेलं होतं.

नाडी १२८, बीपी ९० वर ६०, बोटावरचं ऑक्सिजन ९०, जीभ लाकडासारखी कोरडी, पोट फुगलेलं. पहिल्यांदा ईसीजी काढला, का ते पुढे सांगतो. लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचं एक पाचक रसायन, रक्तात १८०० च्या वर आलं, आमच्या लॅबची वरची मर्यादा ६० आहे आणि तिच्या तिप्पटपेक्षा जास्त आलं की निदान जवळपास पक्कं होतं. पण त्याच रक्तात ऍमायलेज हे दुसरं पाचक रसायन जेमतेम दुप्पट, कारण ते दोन-तीन दिवसांत उतरायला लागतं. फक्त ऍमायलेज करून कुणी "नॉर्मलच्या आसपास आहे" म्हणून घरी पाठवलं असतं तर? क्रिएटिनिन २.१, म्हणजे किडनीने हात टेकायला सुरुवात केलेली. सोनोग्राफीत गॅसमुळे स्वादुपिंड धड दिसलंच नाही, पण पित्ताशयात खडे नाहीत हे दिसलं, आणि ते बघणं गरजेचं असतं कारण खडा नळीत अडकूनही अगदी हाच आजार होतो, पिणाऱ्यालासुद्धा.

आणि बरळणं? घरच्यांना वाटलं ताप डोक्यात गेला. पण शेवटचा घोट रविवारी रात्री, आज बुधवार, रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की काही तासांतच हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी भास, बरळणं सुरू होतं. म्हणजे एकाच वेळी दोन आजार. त्यासाठी झोपेची विशिष्ट औषधं आणि बी-१ व्हिटॅमिनची इंजेक्शनं लागतात, बी-१ आधी आणि ग्लुकोज नंतर, पण हे आम्ही करणार कधी, तर रोज किती पितो ते घरचे खरं सांगतील तेव्हा. या बाईंनी पहिल्याच वाक्यात खरं सांगितलं, पुष्कळ घरांत "कधीतरी, लग्नकार्यात" असं सांगतात आणि आम्ही अंधारात चाचपडतो.

उपचारात जादू काही नाही, लोकांना हे पटत नाही. स्वादुपिंडाची आग विझवणारं औषध अजून हातात आलेलं नाही. आपण करतो ते म्हणजे सलाईनने रक्तातलं पाणी भरून काढणं, दुखणं नीट थांबवणं, ऑक्सिजन, आणि तासातासाला लघवी मोजणं. सलाईनचंही तंत्र आता बदललंय, आधी भराभर बाटल्या चढवायचो, २०२२ मध्ये एक मोठा अभ्यास आला, त्यात बेताने दिलेलं पाणी भरमसाठ पाण्यापेक्षा सुरक्षित ठरलं, त्यामुळे हल्ली लघवी आणि नाडी बघत बघत देतो. अँटिबायोटिक सुरुवातीला सरसकट लागत नाही. आणि आठ-आठ दिवस उपाशी ठेवायची पद्धतही मागे पडली, उलट्या थांबल्या आणि भूक लागली की हलकं खाणं लवकर सुरू करतो.

या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी आयसीयूत पाठवला, चार दिवस तिथे काढले. पाचव्या दिवशीच्या सीटी स्कॅनमध्ये ग्रंथीचा तिसरा हिस्सा मेलेला दिसला. पहिल्याच दिवशी सीटी का नाही केला म्हणून नातेवाईक भांडत होते, पण मेलेला भाग दिसायला तीन-चार दिवस जावे लागतात, आधी केलं तर खोटा दिलासा मिळतो. एकोणीस दिवसांनी घरी गेला. आता साखर वाढलीय, इन्सुलिन घेतो, कारण इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी त्याच ग्रंथीत असतात.

अशा दहातल्या साधारण आठ जणांचा हल्ला सौम्य असतो आणि ते आठवडाभरात उठून बसतात, हेही खरं. पण कुठला सौम्य राहणार आणि कुठला चिघळणार हे पहिल्या रात्री मलाही छातीठोकपणे सांगता येत नाही, त्यासाठी पहिले ४८ तास नजरेखाली काढावे लागतात, आणि नेमके तेच ४८ तास आपल्याकडे ओवा आणि इंजेक्शनात जातात.

म्हणून घरच्यांनी बघायचं ते असं. दुखणं बेंबीच्या वर आहे, थांबून थांबून नाही तर सलग आहे, तासाभरात वाढून तिथेच टिकून बसलंय, पाठीत किंवा पट्ट्यासारखं दोन्ही कुशींत जातंय, आडवं होता येत नाही, उलटीने सुटत नाही आणि गोळीने दोन तासांत हललं नाही, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट बघू नका. पाठीत जायलाच हवं असं मात्र नाही, बऱ्याच जणांचं जात नाही. त्यातच लघवी सहा-सात तास झाली नाही, श्वास भराभर चालतोय, हातपाय गार आहेत, माणूस गोंधळलाय किंवा डोळे पिवळे दिसतायत, तर १०८ ला फोन करा आणि जिथे आयसीयू आहे अशाच ठिकाणी न्या, वाटेत छोट्या दवाखान्यात इंजेक्शनसाठी थांबू नका. बेंबीभोवती किंवा कुशीत निळसर डाग दिसला तर आत रक्त उतरलंय असं समजा, हा क्वचित दिसतो पण दिसला तर प्रकरण गंभीर असतं.

याच जागी दुखणारे दोन आजार आणखी आहेत, तेही तितकेच घाईचे. जठराला किंवा लहान आतड्याला आरपार भोक पडलं तर सुरी खुपसल्यासारखं एका क्षणात सुरू होतं आणि पोट फळीसारखं कडक होतं, हा माणूस वाकून चुळबुळ करत नाही, हलायलाच घाबरतो, निपचित पडून राहतो. आणि दुसरा हार्ट अटॅक. हृदयाच्या खालच्या भागाचा अटॅक कित्येकदा फक्त "वर पोटात जळजळ आणि घाम" असा येतो, म्हणून त्या माणसाचा मी आधी ईसीजी काढला. चाळिशीच्या आसपासचा किंवा पुढचा, सिगारेट ओढणारा, घाम आणि वर पोटात दुखणं, एवढं जमलं की ईसीजी झाल्याशिवाय ऍसिडिटी हा शब्द मी तोंडातून काढत नाही.

निघताना तोंडाने काही देऊ नका, दारूचा घोट तर नाहीच (थरथर थांबावी म्हणून पाजतात लोक, पाहिलंय मी), आणि सोबत तीन गोष्टी घ्या, चालू गोळ्यांची पाकिटं, शेवटची दारू कधी आणि किती याचा खरा हिशोब, आणि आधीचे रिपोर्ट.

आता तुमच्या दादांचं. तुम्ही लिहिलंय त्यावरून गेल्या आठवड्यात सौम्य हल्ला येऊन गेला असण्याची शक्यता मला बरीच वाटते, तपासल्याशिवाय नक्की म्हणणार नाही. या आठवड्यातच दाखवा. सोनोग्राफी, साखर, लिव्हरच्या टेस्ट, कॅल्शियम, ट्रायग्लिसराइड आणि एक ईसीजी एवढं होऊ द्या. पिणं बंद व्हायला हवं, कारण एकदा पेटलेली ग्रंथी पुढच्या वेळी कमी दारूवरही पेटते, पण रोज क्वार्टर घेणाऱ्याने घरच्या घरी एका दिवसात तोडू नये, ते डॉक्टरांच्या औषधांखाली करायचं, नाहीतर एक-दोन दिवसांत फिट घेऊन याल. आणि लायपेज आता केलं तर ते नॉर्मल येऊ शकतं, आठवडा-दोन आठवड्यांत ते उतरतं. तो कागद दाखवून दादा "बघ, म्हटलं नव्हतं ऍसिडिटी" म्हणाले, तर त्यांना सांगा की हा रिपोर्ट आजचा आहे, त्या रात्रीचा नाही.